चार्टच्या मथळ्यात निष्कर्ष, चार्टवर टिपा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ट काढणाऱ्यांकडून मथळा आणि कॉलआउट, म्हणजे चार्टवर एखाद्या बिंदूला जोडून लिहिलेली छोटी टीप, यांबद्दल मला सतत प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उदाहरण देण्यापेक्षा इथे सगळी उत्तरं एकाच चार्टवर दिली आहेत. हा चार्ट मी बऱ्याचदा काढला आहे आणि चुकवलाही आहे. त्याची आकडेवारी जनगणनेची आहे, महाराष्ट्रातली, आणि जेमतेम सहा आकड्यांची:

| जनगणना | सर्व वयोगट: दर हजार पुरुषांमागे स्त्रिया | ० ते ६ वर्षे: दर हजार मुलग्यांमागे मुली |
|---|---|---|
| १९९१ | ९३४ | ९४६ |
| २००१ | ९२२ | ९१३ |
| २०११ | ९२९ | ८९४ |

आडव्या अक्षावर जनगणनेची वर्षं, उभ्या अक्षावर दर हजारी प्रमाण, आणि दोन रेषा. चार्ट एवढाच आहे.

## «महाराष्ट्रातील लिंगगुणोत्तर, १९९१ ते २०११» या मथळ्यात चूक काय आहे?

चूक काहीच नाही, पण वाचकाचं काम त्याने होत नाही. अक्षांवर जे आधीच लिहिलेलं आहे तेच तो पुन्हा सांगतो. चार्टवरची सगळ्यात मोठ्या अक्षरातली ओळ अशी खर्ची पडते आणि दोन रेषांपैकी कोणती बघायची हे वाचकाने स्वतः ठरवायचं राहतं.

त्याचा परिणाम मी एका तालुक्याच्या बैठकीत पाहिला. हाच चार्ट याच मथळ्यासह पडद्यावर होता. समोरच्या मंडळींची नजर वरच्या रेषेच्या शेवटच्या टोकाकडे गेली, जिथे ती ९२२ वरून ९२९ वर चढते. कुणीतरी म्हणालं, «म्हणजे सुधारतंय की.» बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा पुढच्या विषयावर गेली. खालची रेषा त्याच काळात ९१३ वरून ८९४ वर उतरली होती. ती सगळ्यांच्या समोर होती, तरी कुणी तिच्याबद्दल बोललं नाही. चार्ट माझा होता, त्यामुळे ती चूक बघणाऱ्यांची नव्हती, माझीच होती.

त्याच चार्टचा मथळा पुढच्या वेळी मी असा केला:

एकूण प्रमाण सावरलं, पण लहान मुलींचं घटतच गेलं

हा वाचल्यावर माणूस आधी दुसरी रेषा शोधतो. मथळ्यातल्या «पण»मुळे त्याला कळतं की इथे दोन गोष्टी आहेत आणि त्या एका दिशेने चाललेल्या नाहीत.

## मग अक्षांची माहिती कुठे द्यायची?

मथळ्याखाली, लहान आणि फिक्या अक्षरांत, एका ओळीत: «दर हजार पुरुषांमागे स्त्रिया (सर्व वयोगट) आणि दर हजार मुलग्यांमागे मुली (० ते ६ वर्षे), महाराष्ट्र, जनगणना १९९१ ते २०११». माप, ठिकाण, काळ आणि आकडे कुठले, हे सगळं त्यात येतं. ही ओळ काढून टाकू नका. मथळ्यातला दावा कशाबद्दल आहे हे तीच सांगते. ती आली की उभ्या अक्षाला वेगळं शीर्षक देण्याची बहुधा गरज उरत नाही, आणि मान वाकडी करून वाचावं लागणारं ते शीर्षक गेल्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

एका शब्दाकडे लक्ष द्या. पुष्कळ चार्टांवर «दर हजार मुलांमागे मुली» असं लिहिलेलं असतं. मराठीत «मुलं» म्हणजे मुलगे, आणि मुलगे-मुली मिळून सगळी लेकरंही. एखादा वाचक सरळ असा अर्थ लावतो की हजार लेकरांत ८९४ मुली, आणि त्याला चार्टच खोटा वाटतो. «मुलग्यांमागे» लिहिलं की हा घोळ मिटतो.

## निष्कर्ष ठरवायचा कसा? एकाच चार्टमधून तीन-चार निघतात.

निघतातच. खरं कष्टाचं काम इथेच आहे आणि मथळा लिहिणं त्यानंतरचं. या सहा आकड्यांतून मला तीन प्रामाणिक मथळे दिसतात.

पहिला: «वीस वर्षांत लहान मुलींचं प्रमाण दर हजारी ५२ ने घटलं.» ९४६ मधून ८९४ वजा केले की ५२.

दुसरा: «मुलींच्या प्रमाणातली घसरण मंदावली.» हाही खरा आहे. पहिल्या दशकात ३३ ची घट होती, दुसऱ्यात १९ ची.

तिसरा: «एकूण प्रमाण सावरलं, पण लहान मुलींचं घटतच गेलं.»

तिन्ही खरे असले तरी वाचक तिन्हींमधून वेगवेगळं घेऊन जातो. निवडताना मी एकच गोष्ट बघते: चार्टवर असलेल्या किती आकड्यांना हा मथळा लागू पडतो? पहिल्या मथळ्याला वरची रेषा लागतच नाही. तोच मथळा हवा असेल तर ती रेषा काढून टाका, चार्ट जास्त स्वच्छ होईल. दुसरा मथळा तीन बिंदूंवर, म्हणजे फक्त दोन फरकांवर उभा आहे. दोन फरकांवरून «मंदावली» म्हणायला माझा हात धजावत नाही. शिवाय तो वाचून माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि ८९४ हा तिन्ही आकड्यांतला सगळ्यात खालचा आकडा आहे हे त्याच्या नजरेतून निसटतं. तिसऱ्या मथळ्याला दोन्ही रेषा लागतात. दोन्ही रेषा एकाच चार्टवर का ठेवल्या याचं कारण त्यात आहे, म्हणून मी तो घेते.

मथळा सुचत नसेल तर दोन स्तंभांतला फरक काढून बघा. १९९१ मध्ये लहान मुलींचं प्रमाण एकूण प्रमाणापेक्षा १२ ने जास्त होतं. २००१ मध्ये ते ९ ने कमी झालं आणि २०११ मध्ये ३५ ने कमी. बारा वर, नऊ खाली, पस्तीस खाली. हे तीन आकडे मूळ तक्त्यात कुठेच लिहिलेले नाहीत, पण चार्टची सगळी गोष्ट त्यांच्यात आहे.

## मथळ्यात निष्कर्ष लिहिणं म्हणजे आपलं मत लादणं नाही का?

चार्टवरचा एखादा आकडा ज्या मथळ्याला खोटं पाडू शकतो तो मथळा निष्कर्ष असतो. कोणताच आकडा ज्याला खोटं पाडू शकत नाही ते मत. «लहान मुलींचं घटतच गेलं» हे २०११ चा आकडा ९२० असता तर खोटं ठरलं असतं. «मुलींची चिंताजनक अवस्था» हे कोणताही आकडा असता तरी लिहिता आलं असतं. चिंता मलाही वाटते, आणि ती मी खालच्या मजकुरात लिहिते. चार्टच्या मथळ्यात विशेषण आलं की वाचक आकड्यांकडे न बघता तुमच्याकडे बघू लागतो.

क्रियापदांच्या बाबतीतही जपा. «घटलं» हे आकड्यात दिसतं. «घटवलं», «रोखलं», «वाचवलं» यांना कुणीतरी करणारा लागतो, आणि तो या तक्त्यात कुठेच नाही.

«दर हजारी ५२ ने घट» आणि «५२ टक्के घट» यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. ९४६ वर ५२ म्हणजे साधारण साडेपाच टक्के. घाईत «टक्के» लिहिलेला मथळा मी छापून आलेला पाहिला आहे.

## कॉलआउट किती द्यायचे आणि कुठे?

मथळ्यातल्या दाव्याचा पुरावा जिथे असेल तिथेच. आपल्या मथळ्यात दोन दावे आहेत, «सावरलं» आणि «घटतच गेलं», त्यामुळे दोन कॉलआउट पुरतात. तिसरा फक्त वाचकाच्या मनात हमखास येणाऱ्या प्रश्नासाठी.

पहिला वरच्या रेषेच्या उजव्या टोकापाशी: «९२९: दहा वर्षांत ७ ने वाढ». दुसरा खालच्या रेषेच्या टोकापाशी: «८९४: एकूण प्रमाणापेक्षा ३५ ने कमी». दुसऱ्यात मी मुद्दाम «१९ ने घट» लिहीत नाही. उतार डोळ्याला दिसतोच. दोन टोकांमधलं अंतर मात्र मोजावं लागतं, आणि ते काम वाचकावर का टाकायचं? ते अंतर दाखवायला दोन टोकांमध्ये एक बारीक उभी रेघ ओढून तिच्या शेजारी «३५» लिहिलं तरी चालतं.

तिसरा डावीकडे, जिथून लहान मुलींची रेषा सुरू होते: «१९९१ मध्ये लहान मुलींचं प्रमाण १२ ने वर होतं». हा नसेल तर काही वाचकांना वाटतं की दोन्ही मापं वेगळी आहेत, तेव्हा त्यांच्यात अंतर असणारच. सुरुवातीला हे अंतर उलट्या दिशेचं होतं, हे कळलं की ती शंका जाते.

मधला २००१ चा बिंदू मोकळा सोडा. त्याचा आकडा लिहा, वाक्य नको. प्रत्येक बिंदूला वाक्य जोडलं की कोणतं महत्त्वाचं हा प्रश्न पुन्हा वाचकाच्या गळ्यात पडतो, आणि तो सोडवण्यासाठीच आपण टिपा लिहायला घेतल्या होत्या.

रेषांची नावं लेजंडच्या चौकटीत न देता रेषेच्या टोकाशी, रेषेच्याच रंगात लिहा. एकूण प्रमाणाची रेषा राखाडी ठेवा आणि लहान मुलींची गडद लाल. मथळ्यातले «लहान मुलींचं» हे शब्दही त्याच लाल रंगात करता आले तर उत्तमच. टीप बिंदूच्या इतकी जवळ हवी की जोडरेघेची गरजच पडू नये. जागा नसेल तर रेघ द्या, बारीक, राखाडी आणि बाणाशिवाय. ती दुसऱ्या रेषेला ओलांडत असेल तर टीप चुकीच्या बाजूला आहे, तिची जागा बदला.

## चार्टवर कायद्याचं वर्ष टाकलं तर? वाचकाला संदर्भ मिळेल.

या चार्टवर सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात, म्हणून या उत्तराला थोडी जागा देते.

गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. केंद्राचा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये दुरुस्तीनंतर त्याची व्याप्ती वाढली. या तारखा पक्क्या आहेत, त्यामुळे त्या चार्टवर मांडण्याचा मोह होतो.

आता चार्टकडे बघा. १९९१ आणि २००१ यांच्या मधे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. हा छेद नेमका कुठे येतो ते मोजता येतं. दहा वर्षांत अंतर अधिक १२ वरून उणे ९ वर गेलं, म्हणजे २१ ने बदललं. त्यातले १२ संपायला दहा वर्षांचे १२/२१, म्हणजे सुमारे पावणेसहा वर्षं. छेद १९९६ च्या उत्तरार्धात पडतो. कायदा लागू झाला १९९६ च्या जानेवारीत! कुणीही तिथे बाण रोखून «१९९६: कायदा लागू» असं लिहील, आणि वाचक समजेल की कायदा आल्याबरोबर मुलींचं प्रमाण खाली गेलं.

पण १९९६ मध्ये जनगणना झालेली नाही. १९९१ आणि २००१ यांच्या मधे या चार्टकडे एकही आकडा नाही. तिथली रेषा आपण पट्टीने ओढलेली आहे आणि छेदाची जागा ही पट्टीने ठरवली आहे. प्रमाण पहिल्या तीन वर्षांत कोसळलं असेल किंवा शेवटच्या तीन वर्षांत, हा चार्ट ते सांगूच शकत नाही.

यावर माझा उपाय असा. कायद्याची वर्षं चार्टवर हवीच असतील तर ती रेषांना न जोडता खाली आडव्या अक्षालगत, लहान राखाडी खुणांनी द्या: १९८८ (अक्ष तेवढा मागे नेलात तर), १९९६, २००३. बाण नको आणि «मुळे», «नंतर», «असूनही» हे शब्द नकोत. «नंतर» फसवा आहे, कारण काळ सांगता सांगता तो कारणही सुचवतो. दुसरं म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या जागी ठळक ठिपके द्या आणि त्यांना जोडणारी रेघ बारीक ठेवा. आकडे तीनच आहेत आणि मधलं सगळं अंदाजाने जोडलेलं आहे, हे ठिपक्यांवरून न सांगता कळतं. छेदाच्या जागी कॉलआउट कधीही देऊ नका. तिथे सांगण्यासारखं काही घडलेलं नाही.

## उभा अक्ष शून्यापासून सुरू करायचा का? नाहीतर मथळा फुगवल्यासारखा दिसतो.

रेषा असतील तर नाही, खांब असतील तर होय. खांबाची लांबी म्हणजेच त्याचं मूल्य, म्हणून तो बुडापासून कापला की तो खोटं बोलतो. रेषेत आपण जागा आणि उतार वाचतो. ९४६ ते ८९४ हा फरक शून्यापासूनच्या अक्षावर मांडलात तर दोन जवळजवळ आडव्या रेघा दिसतील, आणि दर हजारी ५२ हा फरक क्षुल्लक आहे असं वाचक समजेल. तो क्षुल्लक नाही.

पण कापलेल्या अक्षावर कितीही उभा उतार काढता येतो, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर म्हणून मी एक आधाररेषा देते. जन्माच्या वेळी साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. ९५० वर एक तुटक रेघ आणि तिच्यावर «जन्मावेळचं नैसर्गिक प्रमाण: सुमारे ९५०». ही जन्मावेळची गोष्ट आहे आणि आपली रेषा ० ते ६ वयाची, त्यामुळे «सुमारे» हा शब्द काढू नका. या रेघेमुळे उतार किती उभा दिसतो हा प्रश्न मागे पडतो. १९९१ चा ठिपका त्या रेघेला जवळजवळ टेकलेला आणि २०११ चा बराच खाली दिसतो. अक्ष मी ८७० ते ९६० ठेवते.

ही तुटक रेघ फक्त खालच्या रेषेसाठी आहे, म्हणून तिची टीपही लाल रंगात लिहा. एकूण प्रमाणात सगळी वयं येतात. कामासाठी राज्यात येणारे पुरुष आणि स्त्री-पुरुषांचं आयुर्मान यांचाही त्यावर परिणाम होतो, म्हणून ९५० ची फूटपट्टी त्याला लावता येत नाही.

## बीडचा आकडा राज्याच्या चार्टवर टाकावा का?

२०११ मध्ये बीड जिल्ह्यात ० ते ६ वयात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. हा आकडा एकदा बघितला की विसरता येत नाही, आणि नेमक्या याच कारणाने मी तो या चार्टवर टाकत नाही. मथळा राज्याबद्दल आहे. ८०७ साठी अक्ष आणखी खाली न्यावा लागेल, दोन्ही रेषा वर दाबल्या जातील, आणि वाचक बीड लक्षात ठेवून राज्य विसरेल. मग «हे त्या एका जिल्ह्याचं आहे» असं म्हणायला सगळे मोकळे.

बीडसाठी दुसरा चार्ट काढा, सगळ्या जिल्ह्यांचा, आडव्या ठिपक्यांचा आणि उतरत्या क्रमाने लावलेला. त्याला त्याचा स्वतःचा मथळा द्या. एका चार्टला एक मथळा. दुसरा महत्त्वाचा वाटला तर तो दुसरा चार्ट आहे.

## एक्सेलमध्ये टीप दिली, पण चार्ट हलवला की ती जागच्या जागी राहते. का?

तुम्ही टेक्स्ट बॉक्स शीटवर टाकला आहे, चार्टच्या आत नाही. आधी चार्टवर क्लिक करून तो निवडा आणि मग `Insert` मधून टेक्स्ट बॉक्स घ्या. तो चार्टचाच भाग होतो आणि चार्टबरोबर हलतो, लहान-मोठा होतो, कॉपीही होतो.

याहून पक्का मार्ग डेटा लेबलचा. रेषेवर एकदा क्लिक केलं की सगळी रेषा निवडली जाते. थोडं थांबून हव्या त्या बिंदूवर पुन्हा क्लिक केलं की फक्त तो बिंदू. मग उजवं बटण दाबून `Add Data Label` किंवा `Add Data Callout`. त्या लेबलमध्ये आपलं वाक्य लिहिता येतं, आणि आकडा बदलला की लेबल बिंदूबरोबर वर-खाली सरकतं. `Add Data Callout` चा बोलक्या फुग्यासारखा आकार मला आवडत नाही. त्याची कड आणि भराव काढून टाका, नुसती अक्षरं पुरेशी आहेत.

मथळा सेलला जोडता येतो. चार्टच्या मथळ्यावर क्लिक करा, फॉर्म्युला बारमध्ये `=` टाइप करा, मथळा असलेल्या सेलवर क्लिक करा आणि एंटर दाबा. वर्षं A मध्ये, एकूण B मध्ये, लहान मुली C मध्ये, दुसऱ्या ओळीपासून, अशी मांडणी असेल तर त्या सेलमध्ये हे ठेवता येईल:

```
="लहान मुलींचं प्रमाण दर हजारी "&TEXT(C2-C4,"0")&" ने घटलं"
```

यात धोका आहे. आकडे बदलतात तेव्हा वजाबाकी नवी होते, «घटलं» मात्र तसंच राहतं. उद्या प्रमाण वाढलं तर मथळा म्हणेल «-८ ने घटलं». दर महिन्याला आपोआप ताज्या होणाऱ्या तक्त्यांवर मी निष्कर्षाचा मथळा ठेवत नाही. तिथे वर्णनाचा मथळाच बरा. निष्कर्षाचा मथळा माणसाने आकडे बघून लिहायचा असतो आणि त्यावर त्या दिवसाची तारीख असावी.

## पायथनमध्ये काढलेल्या चार्टवर मराठी अक्षरं फुटतात. काय करू?

`matplotlib` च्या बऱ्याच आवृत्त्या देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवत नाहीत. चौकोनी डबे दिसले तर फाँटच नाही. फाँट आहे, पण «स्त्रिया» मधला «स्त्र» जुळलेला नाही, किंवा «स्थिती» मधली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आहे, तर अडचण अक्षरजुळणीची आहे. फाँट बदलून ती सुटत नाही.

मी यावर SVG चा मार्ग घेते. खालच्या दुसऱ्या ओळीमुळे फाइलमध्ये अक्षरं चित्र म्हणून न जाता अक्षरं म्हणूनच जातात, आणि ती जुळवण्याचं काम ब्राउझर किंवा इंकस्केप करतो.

```python
import matplotlib.pyplot as plt
plt.rcParams["svg.fonttype"] = "none"
plt.rcParams["font.family"] = "Noto Sans Devanagari"

x = [1991, 2001, 2011]
fig, ax = plt.subplots(figsize=(8, 5))
ax.plot(x, [934, 922, 929], "o-", color="0.6", lw=1)
ax.plot(x, [946, 913, 894], "o-", color="#b5302a", lw=1)
ax.set_xticks(x)
ax.set_ylim(870, 960)
ax.annotate("८९४: एकूण प्रमाणापेक्षा ३५ ने कमी",
            xy=(2011, 894), xytext=(1999, 882),
            arrowprops=dict(arrowstyle="-", color="0.4"))
fig.savefig("praman.svg")
```

`xy` हा ज्याच्याबद्दल बोलायचं तो बिंदू, `xytext` ही टिपेची जागा. दोन्ही अक्षांच्याच मापात आहेत, म्हणून चार्टचा आकार बदलला तरी टीप आपल्या बिंदूला धरून राहते. ही फाइल दुसऱ्याला पाठवणार असाल तर आधी इंकस्केपमध्ये उघडून PNG करा. त्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अक्षरांची रुंदी बदलते आणि टिपा रेषांवर चढतात.

## मथळा दोन ओळींत जातो. चालेल?

चालेल, पण ओळ कुठे तोडता ते बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून रुंदी संपली की नेमकं «घटलं» किंवा «वाढलं» एकटंच दुसऱ्या ओळीत पडतं, आणि मोबाइलवर कधी कधी कापलंही जातं. मग उरतं «लहान मुलींचं प्रमाण दर हजारी ५२ ने», ज्यातून काहीच कळत नाही. ओळ अर्थ बघून हाताने तोडा: «एकूण प्रमाण सावरलं,» ही एक, «पण लहान मुलींचं घटतच गेलं» ही दुसरी. दोन ओळींमधलं अंतरही इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो.

## माझ्या जुन्या कागदावर २०११ चा आकडा ८८३ आहे. कोणता बरोबर?

८८३ हा महाराष्ट्राचा तात्पुरता आकडा होता, जनगणनेनंतर लगेच जाहीर झालेला. अंतिम आकडा ८९४ आहे. एकूण प्रमाणाचंही तसंच, तात्पुरतं ९२५ आणि अंतिम ९२९. दोन्ही संच अजून फिरत असतात. एक रेषा तात्पुरत्या आकड्यांवर आणि दुसरी अंतिम आकड्यांवर काढलेले चार्ट मी तपासले आहेत, आणि त्यांच्या कॉलआउटमध्ये ३५ ऐवजी ४६ चं अंतर लिहिलेलं होतं. दिसायला चार्ट अगदी नीट असतो, त्यामुळे ही चूक डोळ्याने सापडत नाही. उपमथळ्याच्या ओळीत «अंतिम आकडे» हे दोन शब्द लिहायची सवय लावा. ते लिहिताना आपण एकदा तपासतो.

## मथळा आणि टिपा बरोबर उतरल्या आहेत हे कसं तपासू?

मी दोन गोष्टी करते. मथळा कागदाने झाकते आणि विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी विचारते, «यात काय दिसतंय?» त्याने सांगितलेलं माझ्या मथळ्याच्या जवळपास असेल तर टिपा काम करताहेत. तो वरच्या रेषेच्या चढाबद्दल बोलू लागला तर रंग किंवा टिपांची जागा चुकली आहे.

मग उलट. चार्ट झाकते, फक्त मथळा दाखवते आणि त्याला कागदावर रेषा काढायला सांगते. «एकूण प्रमाण सावरलं, पण लहान मुलींचं घटतच गेलं» यावरून बहुतेक जण एक खाली जाऊन वर वळणारी आणि एक सतत उतरणारी रेषा काढतात. एका शिक्षिकेने दोन्ही रेषा वेगवेगळ्या ठिकाणी काढल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, लहान मुलींची आधीपासूनच खाली. १९९१ च्या बिंदूपाशी तिसरा कॉलआउट मी त्या दिवसापासून देऊ लागले.